उपग्रहरेषा व विमानरेषा वगळणे (खगोल छायाचित्रण)

रात्रीच्या आकाशाच्या दीर्घ उद्भासनात उपग्रह आणि विमाने ज्या प्रकाशरेषा उमटवतात, त्या खऱ्या ताऱ्यांना धक्का न लावता काढण्याची ही प्रक्रिया आहे. उपग्रहाची रेषा बहुधा सलग व बारीक असते, तर विमानाच्या रेषेत लुकलुकत्या दिव्यांचे ठिपके दिसतात. एकाच छायाचित्रावरून रेषा पुसायची तर तिच्याखालचे आकाश अंदाजाने भरावे लागते आणि तिथला मंद ताराही तिच्याबरोबर जातो. म्हणून दोन तासांचे उद्भासन एका दमात न घेता, उदाहरणार्थ, दोन-दोन मिनिटांच्या ६० फ्रेममध्ये विभागतात. फ्रेम ताऱ्यांवरून जुळवल्या की तारा प्रत्येक फ्रेममध्ये त्याच पिक्सेलवर येतो. रेषा मात्र त्या पिक्सेलवर सहसा एकाच फ्रेममध्ये असते.

या फरकावर ‘सिग्मा क्लिपिंग’ आधारलेले आहे. प्रत्येक पिक्सेलसाठी सर्व फ्रेममधील मूल्यांची सरासरी व प्रमाण विचलन काढून, ठरावीक पटीपेक्षा दूरचे मूल्य वगळतात आणि उरलेल्यांची सरासरी घेतात. येथे फ्रेमची संख्या निर्णायक ठरते. समजा, १० फ्रेमपैकी नऊंमध्ये मूल्य १०० आहे आणि एकीत रेषेमुळे ४००. सरासरी १३० आणि प्रमाण विचलन सुमारे ९५ येते. रेषेचे मूल्य सरासरीपासून २७० दूर, म्हणजे केवळ २.८५ पट विचलनावर राहते, आणि तीन पटींची मर्यादा तिला पकडूच शकत नाही. रेषा कितीही तेजस्वी असली तरी हा आकडा वाढत नाही, कारण विचलन तीच फुगवते. ४० फ्रेम असतील तर तेच मूल्य सहा पटींच्या पलीकडे जाते आणि सहज वगळले जाते. फ्रेम कमी असतील तेव्हा मध्यक घेणे हा उपाय आहे. मात्र त्यात गोंगाट सरासरीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त राहतो.

वगळण्याआधी फ्रेमची पार्श्वभूमी समपातळीवर आणणे आवश्यक असते, नाहीतर चंद्रोदयानंतरच्या उजळ फ्रेम सरसकट बाद होतात. सिरिल या मुक्त आज्ञावलीत हे सारे एका आज्ञेत होते:

```
stack r_pp_light rej w 3 3 -norm=addscale -rejmaps
```

दोन आकड्यांपैकी पहिला खालच्या व दुसरा वरच्या मर्यादेचा असतो. दुसरा आकडा फार कमी ठेवल्यास ताऱ्यांची हानी होते: हवा स्थिर असलेल्या मोजक्या फ्रेममध्ये ताऱ्याचा गाभा अधिक तेजस्वी असतो, आणि नेमकी तीच चांगली मूल्ये ‘दूरची’ ठरून बाद होतात. हे ओळखण्यासाठी वरच्या मर्यादेमुळे वगळलेल्या पिक्सेलचा नकाशा पाहावा. त्यात रेषा आणि विखुरलेले ठिपकेच असावेत. ताऱ्यांच्या जागी गोल ठिपके किंवा कडी उमटली, तर मर्यादा वाढवावी. उलट, रेषेचे कडेचे मंद प्रकाशपट्टे शिल्लक राहिले, तर ती थोडी कमी करावी किंवा फ्रेम वाढवाव्यात.

ताऱ्यांच्या तुलनेत सरकणारी प्रत्येक गोष्ट या पद्धतीत परकी ठरते, त्यामुळे लघुग्रह आणि धूमकेतूही पुसले जाऊ शकतात. त्यांचे चित्रण हवे असल्यास फ्रेम त्यांच्या गतीनुसार पुन्हा जुळवून वेगळी सरासरी काढतात.