वाक्याची लांबी नको, क्रियापदं मोजा

इंग्रजीच्या पेपरात लांबलचक वाक्य दिसलं की मुलं डोळे मिटून ‘कॉम्प्लेक्स’ लिहून मोकळी होतात. आता ही दोन वाक्यं पाहा.

आफ्टर अ लाँग डे ॲट स्कूल, द बॉय विथ द रेड बॅग वॉक्ड स्लोली टू हिज अंकल्स शॉप निअर द ओल्ड ब्रिज.

आय नो ही लेफ्ट.

पहिल्यात 22 शब्द आहेत आणि ते सिंपल, म्हणजे केवल वाक्य आहे. दुसऱ्यात जेमतेम 4 शब्द, पण ते कॉम्प्लेक्स, म्हणजे मिश्र वाक्य आहे. वाक्याचा प्रकार लांबीवर ठरत नाही. वाक्यात फायनाइट क्रियापदं किती आणि ती एकमेकांशी कशी जोडली आहेत, यावर तो ठरतो.

फायनाइट क्रियापद म्हणजे काळाप्रमाणे स्वतःचं रूप बदलणारं क्रियापद. ते ओळखायला वाक्याचा काळ बदलून पाहायचा. ‘हिअरिंग द बेल, द चिल्ड्रन रॅन टू द ग्राउंड’ हे वाक्य वर्तमानकाळात न्या: ‘हिअरिंग द बेल, द चिल्ड्रन रन टू द ग्राउंड.’ ‘रॅन’चं ‘रन’ झालं, ‘हिअरिंग’ जसंच्या तसं राहिलं. म्हणजे फायनाइट क्रियापद एकच, आणि वाक्य सिंपल.

इथे आपल्या मुलांचा गोंधळ होतो, कारण ऐकणं आणि धावणं या क्रिया तर दोन आहेत. पण मराठीतही ‘घंटा ऐकून मुलं मैदानाकडे धावली’ हे केवल वाक्यच. त्यातलं ‘ऐकून’ हे धातुसाधित आहे; वाक्य ‘धावली’वर पूर्ण होतं. इंग्रजीत हेच काम ‘हिअरिंग’ करतं. ‘टू’ लावून येणारी ‘टू प्ले’सारखी रूपंही मोजायची नाहीत. ‘वॉज रेनिंग’ मात्र मिळून एक धरायचं, कारण काळ बदलताना फक्त ‘वॉज’चं ‘इज’ होतं.

फायनाइट क्रियापद एकच निघालं, तर काम संपलं. दोन निघाली तर वाक्यात दोन क्लॉज, म्हणजे दोन उपवाक्यं आहेत, आणि आता त्यांचा सांधा तपासायचा.

इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड इनसाइड.

वी स्टेड इनसाइड बिकॉज इट वॉज रेनिंग.

अर्थ जवळपास तोच, तरी पहिलं वाक्य कंपाउंड, म्हणजे संयुक्त, आणि दुसरं कॉम्प्लेक्स. जोडणाऱ्या शब्दासकट तो क्लॉज उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवून पाहा. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड इनसाइड’ हे उत्तम इंग्रजी आहे. ‘सो वी स्टेड इनसाइड, इट वॉज रेनिंग’ मात्र मोडकं वाटतं. ‘बिकॉज’ हा आपल्या क्लॉजचाच भाग असतो आणि तो क्लॉज मुख्य क्लॉजच्या आधाराने उभा असतो. म्हणून दोघं एकत्र हलतात. ‘सो’, ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ हे बरोबरीच्या दोन क्लॉजच्या मध्ये बसतात. तिथून त्यांना पुढे ओढता येत नाही.

‘अँड दिसलं की कंपाउंड, आफ्टर दिसलं की कॉम्प्लेक्स’ अशा पाठ करून घेतलेल्या युक्त्यांवर विसंबू नका. ‘रवी अँड मीना एट पोहे’ यात ‘अँड’ने नुसती दोन नावं जोडली आहेत, वाक्य सिंपल. ‘आफ्टर द मॅच, वी वेंट होम’ हेही सिंपल, कारण ‘आफ्टर’पुढे फक्त नाम आहे. ‘आफ्टर द मॅच एंडेड, वी वेंट होम’ म्हटलं, की ‘एंडेड’ हे दुसरं फायनाइट क्रियापद आलं आणि वाक्य कॉम्प्लेक्स झालं.

एका ठिकाणी व्याकरणकारांचंच एकमत नाही. ‘द चिल्ड्रन हर्ड द बेल अँड रॅन टू द ग्राउंड’ यात क्रियापदं दोन, पण कर्ता एकदाच आलाय. काही पुस्तकं याला कंपाउंड म्हणतात, काही दुहेरी क्रियापदाचं सिंपल वाक्य. स्वतः कंपाउंड वाक्य तयार करायचं असेल, तर कर्ता पुन्हा लिहा: ‘द चिल्ड्रन हर्ड द बेल, अँड दे रॅन टू द ग्राउंड.’ मग वाद उरत नाही.

क्लॉज हलवून पाहण्याची चाचणी सगळीकडे मात्र चालत नाही. ‘द बॉय हू वन द रेस इज माय कझिन’ यातला ‘हू वन द रेस’ जागचा हलत नाही, कारण तो ‘बॉय’ या नामाला चिकटलेला आहे. तिथे तो क्लॉज काढून बघा. ‘द बॉय इज माय कझिन’ हे पूर्ण वाक्य उरतं, पण ‘हू वन द रेस’ एकटं ठेवलं तर तो प्रश्न होतो, विधान राहत नाही. म्हणून वाक्य कॉम्प्लेक्स. ‘आय नो ही लेफ्ट’मध्ये तर जोडणारा ‘दॅट’ गाळलेला आहे. ‘आय नो’नंतर ‘काय?’ असं विचारा: ‘ही लेफ्ट’ हा अख्खा क्लॉज उत्तर म्हणून येतो. म्हणजे तो ‘नो’ या क्रियापदाचं कर्म आहे आणि त्याच्यावर अवलंबून आहे.