रॉयल्टी करारातील करकपात कलम

परदेशी कंपनीला रॉयल्टी देताना भारतात कापायचा कर शेवटी कोणाच्या खिशातून जाणार, हे ठरवणारे कलम. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर वसाहतीतला एखादा सुट्या भागांचा कारखाना जर्मन कंपनीचे तंत्रज्ञान वापरत असेल, तर मूळ करार जर्मनमध्ये असू शकतो आणि मग वित्त व्यवस्थापकाच्या हाती येतो तो अनुवाद. अनुवादात याच कलमात घोळ होऊ शकतो.

‘कायद्याप्रमाणे कर कापून रक्कम द्यावी’ असे लिहिले असेल, तर कर जर्मन कंपनी सोसते. ‘कोणत्याही कपातीविना पूर्ण रक्कम द्यावी’ असे असेल, तर कर कारखान्यावर येतो. मग 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 195अ नुसार दिलेली रक्कम करोत्तर धरून ती फुगवावी लागते. अनुवादात नुसते ‘रॉयल्टी 9 लाख रुपये, कर लागू राहील’ एवढेच आले, तर दोन्ही अर्थ निघतात. अशा वेळी अंदाज न बांधता मूळ मजकुराचे ते वाक्य मागवावे आणि कोणती भाषा प्रमाण मानायची, हे करारात कुठे लिहिले आहे ते पाहावे.

फरक मोठा आहे. दुहेरी कर टाळण्यासाठीच्या भारत-जर्मनी करारात रॉयल्टीवरील भारतीय कराची कमाल मर्यादा ढोबळ रकमेच्या 10 टक्के आहे. कर जर्मन कंपनीचा असेल, तर 9 लाखांतून 90,000 कापून 8,10,000 पाठवायचे. कर कारखान्याचा असेल, तर ढोबळ रक्कम 10 लाख होते, कर 1 लाख आणि 9 लाख पूर्ण जातात. या कराराची सवलत न मिळाल्यास देशी दर 20 टक्के, त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 20.8 टक्के (अधिभार लागू नसल्यास). तेव्हा 9 लाख पोचवायला ढोबळ रक्कम 11,36,364 आणि कर 2,36,364 रुपये होतो.

म्हणून कपात नसलेल्या करारात सवलतीची कागदपत्रे कारखान्याच्याच फायद्याची असतात, आणि तरीही ती मिळवणे समोरच्याच्या हातात असते. लागतात ती जर्मन कर कार्यालयाचा निवासी दाखला, फॉर्म 10एफ आणि रॉयल्टीचा खरा लाभार्थी मालक आपणच असून भारतात आपली स्थायी आस्थापना नाही, असे कंपनीचे निवेदन. दाखल्यावरचा कालावधी नीट वाचावा: जर्मन कर वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे जुना दाखला मार्चअखेरच्या हप्त्याला पुरत नाही.

कलमात ‘उपलब्ध झाल्यास दाखला द्यावा’ अशी ढिली शब्दयोजना असेल, तर ‘रक्कम देय होण्यापूर्वी, न दिल्यास वाढीव कर परवानाधारकाकडून वसूल होणार नाही’ अशी दुरुस्ती सुचवावी. येथे परवानाधारक म्हणजे कारखाना, हे व्याख्येत स्पष्ट असावे. अनुवादात परवानादाता आणि परवानाधारक यांची अदलाबदल झालेली सापडते. ‘देय होण्यापूर्वी’ यालाही कारण आहे. खात्यात जमा करणे किंवा प्रत्यक्ष देणे, यांत जे आधी घडेल तेव्हा कर कापावा लागतो. पैसे मे महिन्यात पाठवायचे असले, तरी 31 मार्चला तरतूद करताच कपात लागू होते. कपात राहिली तर व्याज लागते आणि कलम 40(अ)(i) खाली तो खर्चही नामंजूर होतो.

वर दिलेले कलम क्रमांक 1961 च्या कायद्याचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या रकमांसाठी नवे क्रमांक व फॉर्म तपासून घ्यावेत.