१६ लाखांचा फरक कुणाच्या माथी?

स्टीलचे जेवणाचे डबे करणारा एक कारखाना घेऊ. आकडे माझे आहेत, हिशेब समजायला सोपा व्हावा म्हणून गोल धरलेले. एप्रिलमध्ये बसून ठरवलं, की एका डब्याला १ किलो पत्रा लागेल, किलोला २०० रुपये पडतील. मजुरी ५० रुपये. भाडं, सुपरवायझरचा पगार, मशीनचा घसारा वगैरे स्थिर खर्चाचे ५० रुपये. डबा पडला ३०० रुपयांना. याला स्टँडर्ड कॉस्ट म्हणतात. वर्षभर स्टोअरमधला माल, तयार डबे आणि विकलेले डबे याच दराने खात्यात चढतात. दर ट्रकमागे नवा भाव काढत बसावं लागत नाही.

मग ३१ मार्च उजाडतो आणि कळतं, की पत्रा २०० नव्हे, २२० रुपयांनी पडला. ६०,००० किलो घेतला, म्हणजे १२ लाख जास्त गेले. डबे झाले ५०,०००, पण पत्रा लागला ५२,००० किलो. जादा गेलेला २,००० किलो पत्रा २०० च्या दराने ४ लाखांचा. मजुरी ठरवल्याप्रमाणेच लागली असं धरू. म्हणजे पत्र्यापोटी १६ लाख रुपये ‘व्हेरिअन्स’ नावाच्या खात्यांत लोंबकळत आहेत. ही खाती वर्षअखेरीला शून्य करावी लागतात. प्रश्न एवढाच, की ही रक्कम टाकायची कुठे.

सोपी वाट म्हणजे सगळी रक्कम विकलेल्या मालाच्या खर्चात टाकून मोकळं व्हायचं. एक नोंद, पाच मिनिटांचं काम. दुसरी वाट वाटणीची. हे १६ लाख ज्या मालावर खर्च झाले, तो सगळा माल विकला गेलेला नाही. ४०,००० डबे विकले, १०,००० गोदामात आहेत आणि ८,००० किलो कोरा पत्रा स्टोअरच्या रॅकवर तसाच पडून आहे. तेव्हा ज्याचा भार त्याच्याच माथी.

ही वाटणी कशी होते ते जवळून पाहू, कारण घोटाळा इथेच होतो. आधी भावाचा फरक घ्यायचा, किलोमागे २० रुपये. रॅकवरच्या ८,००० किलोवर १ लाख ६० हजार. जादा गेलेल्या २,००० किलोवर ४० हजार. डब्यांत गेलेल्या ५०,००० किलोवर १० लाख. या १० लाखांपैकी ८ लाख विकलेल्या डब्यांचे आणि २ लाख गोदामातल्या डब्यांचे.

मधले ४० हजार पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. जादा गेलेला पत्राही महागाच घेतलेला होता, म्हणून वापराचा खरा फरक ४ लाख नसून ४ लाख ४० हजार आहे. आता तो वाटायचा, पण फक्त डब्यांवर. रॅकवरच्या पत्र्याला अजून कात्री लागलेली नाही, तेव्हा कापताना झालेल्या नासाडीचा भार त्याच्यावर कसा येईल? विकलेल्या डब्यांना ३ लाख ५२ हजार, शिल्लक डब्यांना ८८ हजार.

बेरीज करा. विकलेल्या मालावर ११ लाख ५२ हजार, तयार डब्यांवर २ लाख ८८ हजार, कच्च्या पत्र्यावर १ लाख ६० हजार. झाले १६ लाख. आता खरी परीक्षा. ५२,००० किलो गुणिले २२० भागिले ५०,००० डबे, म्हणजे डब्यामागे पत्रा २२८ रुपये ८० पैशांचा. त्यात मजुरी आणि स्थिर खर्चाचे १०० मिळवले की ३२८.८०. गोदामातले १०,००० डबे ३२ लाख ८८ हजारांचे, आणि वाटणीनंतर खात्यातही ३० लाख अधिक २ लाख ८८ हजार. आकडा जुळला की वाटणी बरोबर. वाटणी केल्यावर मी हा ताळा घेतल्याशिवाय फाइल मिटत नाही.

अजून ५ लाख बाकी आहेत, ते स्थिर खर्चाचे. ५० रुपयांचा दर ६०,००० डब्यांची सर्वसाधारण क्षमता धरून काढला होता, म्हणजे खर्च ३० लाख. डबे झाले ५०,०००, त्यांच्यावर चढले २५ लाख. उरलेले ५ लाख मशीन रिकामी राहिल्याचे. हे मात्र वाटायचे नाहीत. साठ्याचं लेखामानक ‘इंड एएस २’ स्पष्ट सांगतं, की क्षमता वाया गेली म्हणून उरलेला स्थिर खर्च त्याच वर्षीच्या खर्चात जातो. ज्यांना हे मानक लागू नाही अशा कंपन्यांसाठीच्या ‘एएस २’मध्येही तेच आहे. नाहीतर कारखाना जितका कमी चालेल तितका गोदामातला डबा महाग दिसेल, जे हास्यास्पद आहे.

आता नफा बघा. डबा ३५० ला विकला. ४०,००० डब्यांवर ५० रुपयांप्रमाणे २० लाख सुटले, त्यातून रिकाम्या क्षमतेचे ५ लाख वजा, राहिले १५. सगळा फरक एका फटक्यात उडवला तर १६ लाख जाऊन १ लाखाचा ढोबळ तोटा. वाटणी केली तर ११ लाख ५२ हजार जाऊन ३ लाख ४८ हजारांचा नफा. कारखाना तोच, डबेही तेच. बँकेच्या मॅनेजरसमोर कुठला कागद ठेवायचा, याचं उत्तर मालकाला विचारायची गरज नाही.

पण नियम कुणाच्या सोयीवर चालत नाही. मानक स्टँडर्ड कॉस्टला परवानगी देतं ते एका अटीवर: तिचा आकडा खऱ्या खर्चाच्या जवळपास असला पाहिजे. फरक किरकोळ असेल किंवा माल तयार होताच ट्रकमध्ये चढत असेल, तर सगळा फरक विक्रीच्या खर्चात टाकला तरी काही बिघडत नाही, आणि कुणी वाटणीचा खटाटोप करूही नये. इथे मात्र साठा ४ लाख ४८ हजारांनी कमी दिसतो आणि त्यापायी नफ्याचा तोटा होतो. याला किरकोळ म्हणता येत नाही. शिवाय ही रक्कम कुठे नाहीशी होत नाही. पुढच्या वर्षी तेच १०,००० डबे विकताना त्यांचा खर्च ३२८.८० ऐवजी ३०० च धरला जाईल आणि नफा आयता फुगेल.

वाटणीलाही कुंपण आहे. तो २,००० किलो जादा पत्रा बिघडलेल्या डायमुळे गेला असेल, तर ती नेहमीची कटाई-घट नव्हे. अशी असाधारण नासाडी साठ्याच्या किमतीत घालता येत नाही. मग ४ लाख ४० हजार थेट खर्चात आणि नफा २ लाख ६० हजारांवर. हे ठरवायला उत्पादनाची रोजची नोंदवही उघडावी लागते. घट बाराही महिने सारखी पसरलेली आहे की ऑगस्टच्या दोन आठवड्यांत एकदम उसळलेली आहे, ते तिथे दिसतं. शेवटी बाजारभावही बघायचा. विक्रीखर्च वजा जाता डब्याचे ३२० च येणार असतील, तर ३२८.८० ही किंमत खात्यात टिकत नाही, ३२० वर आणावी लागते.

मला स्वतःला तोट्याच्या फरकापेक्षा फायद्याच्या फरकाची जास्त धास्ती वाटते. एप्रिलमध्ये कुणी मुद्दाम सैल स्टँडर्ड धरलं, पत्रा २५० चा लिहिला आणि तो २२० ला घेतला, तर वर्षअखेरीला मोठा अनुकूल फरक दिसतो. तो सगळा विक्रीच्या खर्चातून वजा केला, की न विकलेल्या डब्यांवरची बचतही याच वर्षीच्या नफ्यात येते आणि गोदामातला माल खऱ्या खर्चापेक्षा महाग राहतो. ऑडिटर अशा वेळी मार्चमधली पत्र्याची बिलं मागवतो आणि शिल्लक पत्र्याच्या दराशेजारी ठेवतो.