पहिला ट्रोपोनिन नॉर्मल, म्हणजे अटॅक नाही?

“छातीत दुखतंय, पण ट्रोपोनिन नॉर्मल आला. म्हणजे अटॅक नाहीच ना?”

असं लगेच म्हणता येत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणी अगदी थोडा ट्रोपोनिनही पकडते. तरी दुखणं सुरू होऊन तीन तास झाले नसतील, तर एकट्या पहिल्या आकड्यावर विसंबू नये.

समजा, दुखायला लागून पाऊण तास झालाय. ट्रोपोनिन टी 8 नॅनोग्रॅम प्रति लिटर, मर्यादा 14. नॉर्मलच! तासाभराने त्याच पद्धतीने पुन्हा तपासलं तर 15. मर्यादा जेमतेम ओलांडली, पण तासात 7 ची वाढ झाली. या चाचणीत तासाभरात 5 किंवा अधिक फरक म्हणजे अटॅकची दाट शंका. ट्रोपोनिन आय या दुसऱ्या प्रकाराचे आकडे वेगळे असतात.

उलट, किडनीच्या जुन्या आजारात 40 आणि तासाने 41 येऊ शकतं. आकडा मोठा, पण स्थिर. ती बहुधा हृदयाच्या स्नायूची जुनीच इजा.

ईसीजीच्या आलेखात एसटी नावाचा भाग उंचावलेला असेल, तर मात्र उपचारासाठी ट्रोपोनिनच्या रिपोर्टची वाट पाहत थांबायचंच नाही. आणि पहिला रिपोर्ट पाहून घरी निघालेल्या माणसाला, कृपा करून, दुसऱ्या नमुन्यापर्यंत थांबवा.