चौदातून वजा करा, दुसरा शनिवार मिळेल

१ सप्टेंबर २०१५ पासून देशभरातल्या बँका दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात आणि बाकीचे शनिवार पूर्ण दिवस चालू असतात. तेव्हापासून 'आज कितवा शनिवार?' हा प्रश्न घराघरात विचारला जातो, आणि उत्तरासाठी बहुतेक जण भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून शनिवार मोजतात. मोजायची खरं तर गरज नाही. एक तारखेला कोणता वार आहे एवढं कळलं, की पुढचं सगळं एका वजाबाकीत उरकतं.

महिन्याचे पहिले सात दिवस घ्या. त्यात प्रत्येक वार एकदाच येतो, दोनदा नाही आणि शून्य वेळाही नाही. म्हणजे पहिला शनिवार १ ते ७ मध्येच असणार. पुढच्या सात दिवसांत, ८ ते १४ मध्ये, दुसरा. चौथा २२ ते २८ मध्ये. ही चौकट कधीच हलत नाही. महिना अठ्ठावीसचा असो की एकतीसचा. त्यामुळे 'दुसरा शनिवार' या शब्दांचा नेमका अर्थ 'आठ तारखेला किंवा त्यानंतर येणारा पहिला शनिवार' असा होतो. जगभरातल्या घड्याळांचे नियम ज्या टाइम झोन डेटाबेसमध्ये नोंदवलेले असतात, तिथेही अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे नेण्याचा नियम `Sun>=8` असाच लिहिलेला आहे. तिथे 'दुसरा' असं कुठे म्हटलेलंच नाही.

आता वजाबाकी. रविवारला ० द्या, सोमवारला १, असं करत शनिवारला ६. एक तारखेच्या वाराचा आकडा चौदातून वजा केला, की दुसऱ्या शनिवारची तारीख हातात येते. जानेवारी २०२६ ची एक तारीख गुरुवारी, म्हणजे ४. चौदातून चार गेले, दहा. १० जानेवारीला बँक बंद. चौथा शनिवार हवा असेल तर अठ्ठावीसमधून वजा करा: २४. पाचवा आहे का ते पाहायचं तर पस्तीसमधून: ३१. महिना एकतीसचा आहे, म्हणजे पाचवा शनिवार आहे, आणि त्या दिवशी बँक चालू. स्प्रेडशीटमध्ये A1 या घरात महिन्याची एक तारीख टाकली तर हेच सूत्र असं होतं:

```
=A1+14-WEEKDAY(A1)
```

दुसऱ्या शनिवारची बैठक लावताना बरेच जण 'दर चार आठवड्यांनी' असा पर्याय निवडतात. इथे गाडी लगेच घसरते. १० जानेवारी २०२६ ला अठ्ठावीस दिवस मिळवले की ७ फेब्रुवारी येते, आणि तो फेब्रुवारीचा पहिला शनिवार. दुसरा १४ ला आहे. दोन लागोपाठच्या दुसऱ्या शनिवारांमधलं अंतर कधी २८ दिवस असतं, कधी ३५. याशिवाय तिसरी शक्यता नाही. २०२६ मध्ये जानेवारी ते फेब्रुवारी ३५, पण मग मे महिन्यापर्यंत प्रत्येक वेळी २८.

शेवटच्या शुक्रवारचा मामला वेगळा, कारण तो शेवटाकडून मोजावा लागतो. इथली चौकट महिन्याच्या अखेरच्या सात दिवसांची: एकतीसच्या महिन्यात २५ ते ३१, तीसच्या महिन्यात २४ ते ३०, साध्या फेब्रुवारीत २२ ते २८. महिन्याच्या शेवटच्या तारखेचा वार बघायचा आणि शुक्रवार येईपर्यंत मागे यायचं. ३० नोव्हेंबर २०२६ ला सोमवार आहे. तीन दिवस मागे, २७ नोव्हेंबर. 'चौथा शुक्रवार म्हणजेच शेवटचा' ही समजूत इथे नडते. नोव्हेंबरमध्ये ती खरी ठरते, पण त्याच्या आदल्या महिन्यात नाही: ऑक्टोबर २०२६ मध्ये चौथा शुक्रवार २३ ला आणि शेवटचा ३० ला. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पुनरावृत्ती लावताना 'चौथ्या शुक्रवारी' आणि 'शेवटच्या शुक्रवारी' असे दोन पर्याय दिसतात, ते याचसाठी. कॅलेंडरांच्या आपसातल्या भाषेत हे फार नीटस लिहितात: दुसरा शनिवार `BYDAY=2SA`, शेवटचा शुक्रवार `BYDAY=-1FR`. उणे एक म्हणजे मागून पहिला.

एक खोडी मात्र भल्याभल्यांना चकवते. 'दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार' असं शिबिराच्या पत्रकात लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या मनात जोडून आलेले दोन दिवस असतात. फेब्रुवारी २०२६ ची सुरुवात रविवारी झाली, म्हणून दुसरा रविवार ८ ला आणि दुसरा शनिवार १४ ला. दोन्ही दिवस वेगवेगळे लावले तर शिबिराचा दुसरा दिवस पहिल्याच्या सहा दिवस आधी! शनिवारच्या दुसऱ्या दिवशी येणारा १५ तारखेचा रविवार महिन्याचा तिसरा ठरतो. मार्चमध्ये पुन्हा तेच, कारण अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीनंतर वार जागचे हलत नाहीत. शनिवार ठरवायचा आणि रविवारसाठी त्यात एक मिळवायचा, हाच यावरचा उपाय.

लिनक्सच्या सर्व्हरवर ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये याहून वाईट सापळा आहे. ८ ते १४ ची चौकट ठाऊक असलेला माणूस मोठ्या विश्वासाने `0 9 8-14 * 6` असं लिहितो: सकाळी नऊ वाजता, तारीख ८ ते १४, वार शनिवार. पण तारीख आणि वार दोन्ही रकान्यांत बंधन घातलं, की क्रॉन त्यांना 'आणि'ने जोडत नाही, 'किंवा'ने जोडतो. परिणामी काम ८ ते १४ रोज चालतं, शिवाय बाकीच्या शनिवारीही. महिन्याभरात एका मेलच्या जागी दहा-अकरा मेल लोकांच्या इनबॉक्समध्ये पडले, तर दोष इथे शोधावा. म्हणून तारखेचं बंधन क्रॉनकडे ठेवायचं आणि वाराची तपासणी आज्ञेतच करायची. शेवटच्या शुक्रवारसाठी उलट: वार क्रॉनने बघायचा, आणि आजपासून सात दिवसांनी येणारी तारीख सातच्या आत आहे का ते आज्ञेने. सात दिवसांनी महिना बदलत असेल, तर याच्या पुढे या महिन्यात शुक्रवार उरलेला नाही.

```
0 9 8-14 * * [ "$(date +\%u)" = 6 ] && /opt/kaam.sh
0 9 * * 5 [ "$(date -d '+7 days' +\%d)" -le 7 ] && /opt/kaam.sh
```

`%` च्या आधीची तिरपी रेघ विसरू नका. क्रॉनमध्ये नुसत्या `%` ला नवी ओळ समजतात आणि आज्ञा अर्धवट तुटते. दुसऱ्या ओळीतला `-d` लिनक्सवर चालतो, मॅकवरच्या `date` मध्ये तो असा चालत नाही.

सूत्र कोणतंही वापरा, ते चालू करण्याआधी दोन महिन्यांवर घासून बघा. एक तारीख रविवारी असलेला फेब्रुवारी २०२६, तिथे दुसरा शनिवार १४ ला यायला हवा. आणि एक तारीख शनिवारी असलेला ऑगस्ट २०२६, तिथे ८ ला. चौकटीची ही दोन टोकं आहेत, आणि एका दिवसाची चूक असेल तर ती बहुधा इथेच उघडी पडते: ऑगस्टमध्ये १५ आलं तर तुमचं सूत्र एक तारखेचा शनिवार मोजायला विसरलं आहे, आणि फेब्रुवारीत ७ आलं तर ते शनिवार मोजत नसून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या ओळी मोजतं आहे, तेही सोमवारपासून सुरू होणाऱ्या.