भिंतीवरची चौकट आणि 1967 साल

ठाण्यात नौपाडा-गावदेवीच्या गल्ल्यांतून हिंडलात, तर एखाद्या जुन्या दवाखान्यात 'वैद्य विशारद' किंवा 'आयुर्वेद रत्न' असं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं दिसू शकतं. ते खरं की खोटं, हे ठरतं वर्षावरून.

1938 साली मुंबई प्रांताने कायदा करून वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली. त्या काळी बरेच जण घरच्या परंपरेने किंवा गुरूकडे राहून शिकलेले असत. पुढे महाराष्ट्राचा 1961चा कायदा आला आणि 1970मध्ये केंद्राचा. केंद्राच्या त्या कायद्यात मान्य पदव्यांची यादी होती; आता त्याच्या जागी 2020चा कायदा आहे, पण त्या यादीतल्या पदव्यांची मान्यता कायम आहे. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या या दोन पदव्या त्या यादीत होत्या, पण 1931 ते 1967 या काळापुरत्याच. त्यानंतरच्या प्रमाणपत्रावर वैद्यकी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2010मध्ये स्पष्ट केलं. आता हिशेब करा. 1967 साली विशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या पुढे असणार. म्हणजे चाळिशीतल्या 'आयुर्वेद रत्ना'कडे चौकट कितीही झगझगीत असली, तरी तिचा उपयोग नाही. उलट एखाद्या थकलेल्या वैद्यबुवांची नोंदणी अगदी रीतसर असू शकते.

आजची सर्वसाधारण पदवी बीएएमएस. साडेचार वर्षं शिक्षण, वर इंटर्नशिपचं एक वर्ष. पण नुसत्या पदवीवर थांबू नका. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक घ्या आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनच्या नोंदींत तो त्याच नावावर आहे का, ते पाहा. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून पुडी न घेतलेलीच बरी. बिनलेबलची असेल तर मुळीच नको, कारण अशा सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत.

वैद्य पात्र असले तरी फॅमिली डॉक्टरांना सांगायचं राहतंच. समजा, ऐरोलीतल्या एका आजींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे आणि खोकल्यासाठी त्या महिनाभर ज्येष्ठमधाचा काढा घेताहेत. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. अशा बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतात. पायांत गोळे येतात, गळून गेल्यासारखं होतं आणि पोटॅशियम फारच उतरलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना यातलं काही माहीत नसेल, तर ते साहजिकच गोळी वाढवतील.

"आयुर्वेदिक काहीतरी घेतेय" एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही. पाकीटच पुढे ठेवावं आणि म्हणावं, "डॉक्टर, ज्येष्ठमधाचा काढा, चमचाभर चूर्ण, दिवसातून दोनदा, महिना झाला. रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का? पोटॅशियम तपासायचं का?" डॉक्टर "बंद करा" म्हणाले, तर नेमकं कशामुळे ते विचारून घ्यावं आणि वैद्यांनाही कळवावं. खोकल्याला ज्येष्ठमधाशिवाय दुसरं औषध त्यांच्याकडे असतं. रक्तदाबाची गोळी मात्र परस्पर थांबवू नये.