माणिकाची ओळख: अपवर्तनांक, वर्णपट आणि भिंग

नागपूरच्या इतवारी सराफ्यात माणिक म्हणून समोर येणारा लाल खडा माणिक, स्पिनेल, गार्नेट किंवा काच असू शकतो. रंगावरून निवाडा होत नाही. रत्नपरीक्षक आधी खड्याचा अपवर्तनांक मोजतो, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते पाहतो.

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाचणीच्या डोक्याएवढा विशिष्ट द्रवाचा थेंब ठेवून त्यावर खड्याचा सपाट, पुसलेला वरचा पैलू टेकवतात. थेंब मोठा झाला तर खडा तरंगतो आणि सावलीची कड पुसट दिसते. पिवळ्या एकरंगी प्रकाशात ती कड ज्या आकड्यावर येते तो अपवर्तनांक. माणिकात १.७६२ आणि १.७७० असे दोन आकडे मिळतात. खडा फिरवला की एक कड जागेवर राहते, दुसरी सरकते. स्पिनेलचा आकडा एकच, सुमारे १.७१८.

खरी अडचण गार्नेटची. ऱ्होडोलाइट जातीचे गार्नेट १.७६ च्या आसपास येते, म्हणून एकदाच आकडा वाचून थांबणारा फसतो. खडा फिरवूनही कड एकच राहिली तर ते माणिक नव्हे. खात्रीसाठी खड्यातून तीव्र प्रकाश सोडून स्पेक्ट्रोस्कोपमध्ये त्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाच्या रंगांचा पट्टा, पाहतात. माणिकातील क्रोमियममुळे लाल टोकाशी, ६९४ नॅनोमीटरजवळ, बारीक रेषा दिसते आणि ती अनेकदा चमकते. गार्नेटमधील लोहामुळे ५०५, ५२७ आणि ५७६ जवळ रुंद काळे पट्टे पडतात. बंद कोंदणात मागून प्रकाश जात नाही, त्यामुळे ही तपासणी सुट्या खड्यावरच करून घ्यावी.

इतके जुळले तरी खडा खाणीतला आहे हे ठरत नाही. ज्वालेत वितळवून माणिक घडवण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुई यांची पद्धत १९०२ पासून ज्ञात आहे. असे माणिक रसायनाने माणिकच असते, म्हणून अपवर्तनांक आणि वर्णपट दोन्ही तसेच येतात. येथे दहापट भिंग कामी येते. भिंग डोळ्याला लावून खडा सुमारे अडीच सेंटिमीटरवर धरावा आणि बाजूने, मागच्या पैलूंतूनही पाहावे, कारण समोरून खुणा हुकतात. घडवलेल्या खड्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, सोबत कधी गोल बुडबुडे. नैसर्गिक खड्यात त्या सरळ आणि कोनात वळलेल्या असतात, शिवाय रूटाइल या खनिजाच्या रेशमासारख्या बारीक सुया आढळतात. अगदी निर्मळ, गर्द आणि स्वस्त माणकाकडे याच संशयाने पाहावे. फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या द्रावात, वाढवलेले माणिक मात्र भिंगालाही चकवते, त्याला सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा लागते.

भेगांत शिसेयुक्त काच भरलेले माणिकही पहिल्या दोन तपासण्यांत माणिकच ठरते. भिंगाखाली खडा हलवला की भेगेत निळसर झाक चमकते आणि आत चपटे बुडबुडे दिसतात. अशी अंगठी घालून लिंबू पिळू नये, आम्लाने ती काच झिजते. दुरुस्तीच्या वेळी सोनाराला आधीच सांगावे, बत्तीच्या आचेनेही भरलेली काच बिघडते.